वंदे भारतच्या तिकिटातलं जेवण नको असेल तर

प्रश्न: आम्ही पाच जण म्हापशाहून ठाण्याला जाणार आहोत, थिवीला वंदे भारत धरून. मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. आईची त्या दिवशी एकादशी आहे, बाबांना डायबेटिस आहे आणि मुलगा घरचंच खातो. तिकिटात प्रत्येकाच्या नावावर खाण्याचे पैसे लावलेले दिसतात. हे सक्तीचं आहे का? काही जणांचंच काढता येतं का? आणि काढलं तर गाडीत चहासुद्धा मिळणार नाही का?

उत्तर:

सक्तीचं नाही. काही जणांचंच काढता येतं. चहाही मिळतो, पैसे देऊन. मात्र हे सगळं तिकिटाचे पैसे भरायच्या आधी ठरवावं लागतं. एकदा तिकीट निघालं की खाण्याचा पर्याय बदलता येत नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. गाडीत बसल्यावर वाढप्याला ‘आम्हाला नको, पैसे परत द्या’ म्हणून काही होत नाही. त्याच्या हातात फक्त ताट असतं, तुमचे पैसे केव्हाच रेल्वेकडे जमा झालेले असतात.

आधी हा आकडा कुठून येतो ते पाहू, म्हणजे तो काढायचा की ठेवायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

वंदे भारतचं भाडं दिसतं एकच रक्कम, पण आत चार-पाच तुकडे असतात. अंतरावर ठरणारं मूळ भाडं, आरक्षण शुल्क (चेअर कारला ४० रुपये), सुपरफास्ट शुल्क (चेअर कारला ४५ रुपये), जीएसटी आणि शेवटी केटरिंग चार्ज. पहिले सगळे तुकडे अंतर आणि वर्गावर ठरतात. केटरिंग चार्जचं तसं नाही. तुम्ही कुठे चढता, कुठे उतरता आणि त्या वेळात गाडीत काय काय वाढलं जाणार, यावर तो ठरतो. म्हणून दोन गाड्यांचं अंतर जवळपास सारखं असलं तरी खाण्याचा आकडा वेगळा येतो. इतकंच काय, एकाच मार्गावर जाताना आणि येताना तो वेगळा असतो.

आपल्याच गाडीचं उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली तेव्हा सीएसएमटी ते मडगाव चेअर कारचं भाडं १,८१५ रुपये होतं आणि मडगाव ते सीएसएमटी १,९७०. एक्झिक्युटिव्हला ३,३६० आणि ३,५३५. रूळ तेच, किलोमीटर तेवढेच, मग परतीला १५५ आणि १७५ रुपये जास्त का? अनेकांना तेव्हा वाटलं की गोंयकारांकडून जास्त घेतात. तसं काही नव्हतं. गाडी मुंबईहून पहाटे सुटते आणि मडगावहून परत फिरून रात्री मुंबईला पोचते. सकाळचा चहा-नाश्ता वेगळा आणि संध्याकाळच्या खाण्यासोबतचं रात्रीचं जेवण वेगळं. अंतर तेच असल्यामुळे हा सगळा फरक खाण्याचा.

हेच फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या दुसऱ्या दोन गाड्यांत आणखी उघड दिसतं. सकाळी सुटून दुपारच्या आत शिर्डीला पोचणाऱ्या गाडीचं चेअर कारचं भाडं सुरुवातीला खाण्याशिवाय ८४० आणि खाण्यासह ९७५ होतं, म्हणजे १३५ रुपयांचा नाश्ता. दुपारी चारनंतर सुटून रात्री सोलापूरला पोचणाऱ्या गाडीत हाच फरक ३०० रुपयांच्या घरात होता, कारण तिथे रात्रीचं ताट आलं. तुमची गाडी मडगावकडून मुंबईला जाणारी, म्हणजे सोलापूरच्या जातीची. तुमच्या पडद्यावरचा आकडा मोठा दिसण्याचं कारण हेच.

हे भाव गाड्या सुरू झाल्या तेव्हाचे आहेत. आजचा आकडा तुमच्या तारखेला, तुमच्या दोन स्टेशनांसाठी पाहा. कोकण रेल्वेवर तर हे आणखी महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात वेग कमी केलेला असतो आणि वेळापत्रकच बदलतं. कोरड्या दिवसांत वंदे भारत मडगावहून दुपारी सुमारे पावणेतीनला सुटते. पावसाळी वेळापत्रकात ती बाराच्या पुढे लगेच सुटते आणि प्रवास दोन तासांहून जास्त लांबतो. सुटायची वेळ जेवणाच्या वेळेवर आली की वाढप बदलू शकतं, आणि वाढप बदललं की आकडाही. त्यामुळे मित्राने फेब्रुवारीत भरलेल्या पैशांवरून जुलैचा अंदाज बांधू नका.

या पैशांत मिळतं काय? संध्याकाळच्या वेळी चहा किंवा कॉफीचं पाकीट, सोबत काहीतरी तळलेलं किंवा भाजलेलं आणि गोड. रात्री पोळी किंवा पराठा, भात, डाळ, एक भाजी (नॉनव्हेजवाल्यांना तिच्या जागी चिकन), दही, लोणचं. एक्झिक्युटिव्हला पदार्थ थोडे जास्त आणि मांडणी बरी, म्हणून त्याचा आकडाही मोठा. नॉनव्हेज निवडताना मासळीची आशा धरू नका, ते चिकन किंवा अंडं असतं. आणि आपल्याकडे सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी वार बघून पर्याय निवडावा. तिकीट दोन महिने आधी काढताना वार कुणाच्या लक्षात राहत नाही आणि श्रावणातल्या सोमवारी समोर चिकन येतं.

पाण्याची बाटली या हिशोबात धरू नका. २०२४ पासून वंदे भारतमध्ये प्रत्येक प्रवाशाला अर्ध्या लिटरची रेल नीरची बाटली देतात आणि मागितली तर आणखी एक, जादा पैसे न घेता. जेवण काढलं म्हणून पाण्यावर पाणी सोडायचं कारण नाही.

आता काढायचं कसं. आयआरसीटीसीच्या साइटवर किंवा ॲपवर गाडी आणि वर्ग निवडला की प्रवाशांची माहिती भरायचं पान येतं. तिथे प्रत्येक प्रवाशाच्या नाव, वय, लिंग यांच्या ओळीतच खाण्याचा एक रकाना असतो. त्यात व्हेज, नॉनव्हेज, कधी जैन जेवण, कधी डायबेटिसवाल्यांसाठीचे पर्याय आणि `No Food` असे पर्याय येतात. हा रकाना प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, हे तुमच्यासाठी कामाचं आहे. एकाच पीएनआरवर तुम्ही दोघं व्हेज आणि बाकीचे तिघं `No Food` असं बिनधास्त करता येतं. पाच जणांची दोन तिकिटं काढायची गरज नाही. तसं केलं तर उलट सीटा विखुरतील.

यादीत `No Food` दिसलं नाही तर पर्याय काढून टाकला असं लगेच समजू नका. साइटची मांडणी मधूनमधून बदलते. हा पर्याय कधी प्रवाशांच्या ओळीत असतो, तर कधी त्याच पानावर खाली `Other Preferences` मध्ये, ‘मला खाणं-पिणं नको’ अशा अर्थाच्या खुणेच्या चौकोनात. पान शेवटपर्यंत सरकवून पाहा. तत्काळच्या घाईत हे सरकवणं राहून जातं. तत्काळमध्ये जो पर्याय आधीच भरलेला असतो तोच घेऊन लोक पुढे जातात. तुम्हाला तत्काळ काढायची वेळ आलीच, तर प्रवाशांची यादी आधीच आपल्या खात्यात भरून ठेवा, म्हणजे ऐनवेळी फक्त खाण्याचा रकाना पाहायचा उरेल.

पैसे भरण्याआधीच्या पानावर भाड्याचा तपशील उघडता येतो. तो उघडा आणि केटरिंग चार्जची ओळ शोधा. पाच जणांचा आकडा तिथे एकत्र दिसतो. तुमच्या बाबतीत दोघांचंच जेवण ठेवलं असेल तर तो दुपटीएवढाच दिसायला हवा. पाचपट दिसला तर कुठेतरी पर्याय निवडायचा राहिलाय, मागे जा. ही एक नजर टाकायला पाच सेकंद लागतात. तिकीट निघाल्यावर मात्र भाडं बहुधा एकाच रकमेत छापून येतं, त्यात खाण्याचे पैसे किती हे कळत नाही.

खात्री नसेल तर सोपी युक्ती आहे. त्याच तारखेला त्याच दोन स्टेशनांमध्ये एकाच प्रवाशाचा फॉर्म भरा, एकदा व्हेज घालून आणि एकदा `No Food` घालून, आणि पैसे न भरता शेवटची रक्कम पाहा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा माणशी केटरिंग चार्ज. जाहीर दर शोधत बसण्यापेक्षा हे भरवशाचं.

आता तुमच्या पाच जणांचा हिशोब मांडू. हातात पक्के आकडे असावेत म्हणून राजधानी-शताब्दी-दुरांतोचे २०१९ च्या शेवटी ठरलेले दर घेतो. वंदे भारतचा तुमचा नेमका आकडा वरच्या युक्तीने काढा आणि याच रीतीने मांडा. त्या दरांनुसार चेअर कार आणि थ्री एसीला संध्याकाळचा चहा-नाश्ता ९० रुपये, जेवण १८५ रुपये, नुसता चहा २०. म्हणजे थिवी-ठाणे छापाच्या संध्याकाळच्या प्रवासाला माणशी २७५. पाच जणांचे १,३७५. तुम्हा दोघांचंच ठेवलं तर ५५०, म्हणजे ८२५ रुपये वाचतात. ही रक्कम काही थोडी नाही. त्यातून आईचं उपासाचं आणि मुलाचं घरचं तर तुम्ही तसंही नेणारच आहात.

पण उलटी बाजूही पाहा. आधी न मागितलेलं जेवण गाडीत घेतलं तर महाग पडतं. जुलै २०२२ मध्ये रेल्वेने असं कायम केलं की आधी बुकिंग न केलेल्याने गाडीत नाश्ता, संध्याकाळचं खाणं किंवा जेवण घेतलं तर प्रत्येक वेळी ५० रुपये जादा. म्हणजे ९० चा नाश्ता १४० ला आणि १८५ चं जेवण २३५ ला. दोन्ही घेतलंत तर २७५ च्या जागी ३७५. म्हणून ‘आत्ता काढून टाकू, गाडीत बघू’ हा विचार दोन्ही वेळा खाणाऱ्याला परवडत नाही.

मधला एक प्रकार मात्र नफ्याचा आहे. संध्याकाळचं तळलेलं नको आणि फक्त रात्रीचं जेवण हवं असेल, तर आधी पैसे भरताना अर्धं काढायची सोय नाही. घेतलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. अशाने `No Food` घेऊन गाडीत २३५ चं जेवण घेतलं तरी २७५ पेक्षा ४० रुपये कमी लागतात. पण जेवण शिल्लक असेल तरच मिळेल. गाडीत जेवणं मोजून चढवलेली असतात, आणि वाढप्याने आधी पैसे भरलेल्यांना वाढायचं असतं. चाळीस रुपयांसाठी ठाण्याला रात्री नऊनंतर रिकाम्या पोटी उतरायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा.

चहाला ही ५० ची भर नाही. जुलै २०२२ पर्यंत होती, आणि २० रुपयांच्या चहाचं ७० रुपयांचं बिल समाजमाध्यमांवर फिरल्यावर बराच गदारोळ झाला होता. त्यानंतर चहा-कॉफी सगळ्यांना एकाच भावात करण्यात आली. तेव्हा आईने `No Food` घेतलं तरी चहा मागता येतो, त्याच दरात.

बाबांचं थोडं विचार करून ठरवा. डायबेटिसचा पर्याय यादीत दिसला तर तो साखरेपुरता कामाला येतो, पण खरा प्रश्न वेळेचा असतो. ताट कधी येईल हे गाडीच्या सोयीने ठरतं. संध्याकाळचं खाणं उशिरा येऊ शकतं आणि रात्रीचं उतरायच्या घाईत लवकर वाढलं जाऊ शकतं. जेवणाआधी ठरावीक वेळेला गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आपली वेळ गाडीवर सोपवू नये. माझा कौल स्पष्ट आहे, त्यांचं `No Food` करा आणि दोन पोळ्या, भाजी, थोडे चणे असा डबा त्यांच्या हाताशी ठेवा. आईलाही तेच. उपासाचं ताट हा वेगळा पर्याय सहसा नसतो आणि व्हेज ताटातला दही सोडून एकादशीला चालेल असा पदार्थ शोधावा लागेल. वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी डब्यात घट्ट बसते. आमटी जरा आटवूनच घ्या, समोरचं टेबल लहान असतं आणि गाडी वळणांवर झुकते. घरचं खायला कुणी अडवत नाही.

मुलाचं वय आठ, म्हणजे सीट घेतली की पूर्ण भाडं. केटरिंग चार्जही मोठ्या माणसाएवढाच लागतो आणि ताटही तेवढंच येतं. लहान मुलांचं वेगळं, स्वस्त ताट नसतं. आठ वर्षांचा मुलगा ते संपवणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पाचच्या आतलं मूल बिनतिकिटाचं मांडीवर बसतं. त्याचे खाण्याचे पैसेही नसतात आणि ताटही नसतं.

एक बारीक गोष्ट, जी घरच्या मंडळींच्या प्रवासात नेहमी घोळ घालते. वाढप्याकडे यादी असते ती डबा आणि सीटनुसार, नावानुसार नव्हे. सीट १२ व्हेज, सीट १३ `No Food`, असं. तुम्ही बसल्यावर खिडकीसाठी मुलाला तुमच्या सीटवर घेतलंत आणि स्वतः त्याच्या सीटवर गेलात, तर ताट खिडकीपाशी जाईल आणि तुम्हाला वगळलं जाईल. वाढप्याशी भांडू नका, तो यादीप्रमाणे चाललाय. तिकीट उघडून ठेवा, आम्ही जागा बदललीय आणि जेवण अमुक सीटचं आहे असं त्याला पहिल्या फेरीतच सांगा. थिवी हे मडगावनंतरचं लगेचचं स्टेशन असल्याने तुम्ही चढता तेव्हा वाढपाची तयारी चालू झालेली असते.

आता समजा पर्याय चुकला, पाचही जणांचं व्हेज गेलं आणि पैसेही भरले. तिकीट रद्द करून पुन्हा काढावं का? बहुधा नको. चेअर कारचं कन्फर्म तिकीट रद्द करायला माणशी किमान १८० रुपये आणि वर जीएसटी कापला जातो, आणि प्रवास जवळ आला की कपात वाढत जाते. ऑनलाइन तिकिटाची सुविधा फी परत मिळत नाही. २७५ वाचवायला १८० पेक्षा जास्त घालवायचे आणि वर सीट वेटिंगमध्ये जायचा धोका. त्यापेक्षा जेवण घ्या आणि संध्याकाळचं पाकीटबंद जे येईल ते घरी न्यायला ठेवा.

खिडकीवर तिकीट काढणाऱ्यांनाही हा हक्क आहे. आरक्षणाच्या फॉर्मवर जेवणाचा रकाना असतो. जेवण नको असेल तर तिथे ‘नो फूड’ असं ठळक लिहा आणि तोंडीही सांगा, कारण रिकामा रकाना दिसला की बाबू बहुधा व्हेज घालून मोकळा होतो. तिकीट हातात आल्यावर खिडकी सोडायच्या आधी रक्कम पाहा. एजंटकडून काढत असाल तर प्रत्येकाच्या नावापुढे पर्याय लिहून पाठवा. ‘आम्हाला खाणं नको’ असा एकच निरोप पाच जणांसाठी दिला की त्याचा अर्थ तो त्याच्या सोयीने लावतो.

गोव्यातून सुटणाऱ्या बाकीच्या गाड्यांचंही थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न पुढच्या प्रवासाला पुन्हा येईल. तेजसला २०१७ मध्ये सुरू झाल्यापासूनच खाण्यासह आणि खाण्याशिवाय असे दोन भाव होते. मुंबई–करमळी चेअर कार तेव्हा जेवणासह १,३१० आणि त्याशिवाय १,१८५ होती. मडगावहून दिल्लीला जाणाऱ्या राजधानीतही केटरिंग चार्ज भाड्यात असतो. तिथे प्रवास एका दिवसाहून मोठा असल्याने जेवणं अनेक आणि आकडाही बराच मोठा. राजधानीत फ्लेक्सी भाडं असतं, सीटा भरत जातात तसं मूळ भाडं चढतं, पण केटरिंग चार्ज चढत नाही. म्हणून महागात तिकीट मिळालं तर ते जेवणामुळे नव्हे. एवढ्या लांबच्या प्रवासाला मी सहसा जेवण ठेवायलाच सांगतो, दीड दिवसाचा डबा टिकत नाही. जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या यांच्या भाड्यात खाणं धरलेलंच नसतं. तिथे काही काढायचा प्रश्नच नाही, हवं ते घ्या आणि पैसे द्या.

गाडीत खरेदी करताना बिल मागा. रेल्वेचंच धोरण आहे, बिल नाही तर पैसे नाहीत. ‘तुमचं नो फूड आहे, तुम्हाला देता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. अशा तक्रारी आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने वंदे भारतपुरतं स्पष्ट केलं की आधी जेवण न निवडलेल्यालाही शिल्लक असेल तर शिजवलेलं अन्न विकत द्यावं. ‘शिल्लक असेल तर’ हे शब्द मात्र विसरू नका, संपलं म्हणाले तर त्यावर इलाज नाही.

आणि उलट झालं, म्हणजे तुमच्या दोन ताटांचे पैसे घेतले पण एकच ताट आलं, तर उतरायची वाट पाहू नका. गाडीत असतानाच १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर पीएनआर, डबा, सीट आणि न मिळालेला पदार्थ घालून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. टीसीलाही दाखवा. ठाण्याच्या फलाटावर उतरल्यावर केलेल्या तक्रारीला ‘सीटवर कुणी नव्हतं’ असं उत्तर देणं फार सोपं असतं. गाडीत असताना केलेल्या तक्रारीवर तेच उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही सीटवर बसलेलेच असता.